बटणांखाली गेलेला फोन नंबर

भोसरी-चाकण पट्ट्यात रील कापून देणाऱ्या मंडळींचं एक मत पक्कं झालेलं आहे. सेफ मार्जिन, सेफ झोन वगैरे मोठ्या जाहिरात कंपन्यांचे लाड आहेत, आपल्याकडे माणूस रील बघतो, आवडलं तर थांबतो, आणि बाकीची माहिती खाली वर्णनात असतेच, असं ही मंडळी सांगतात. हे मत इतक्या ठामपणे मांडलं जातं की काम द्यायला आलेला कारखानदार मान डोलावतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. माझ्या मते हे मत चुकीचं आहे. ते चुकीचं का, हे दाखवायला मी लग्नाच्या किंवा बैलगाडा शर्यतीच्या रीलकडे जाणार नाही. तिथे नाव थोडं झाकलं गेलं तर फार बिघडत नाही. मी भरतीच्या रीलकडे जातो.

हा प्रकार या भागात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. महाळुंगे इंगळे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी इथल्या कारखान्यांसाठी हेल्पर, फिटर, सीएनसी ऑपरेटर, ट्रेनी हवेत. गेटसमोर उभा राहून कोणीतरी तीस सेकंदं बोलतो आणि पडद्यावर ओळी येतात : शिक्षण, हातात येणारा पगार, बस आणि कँटीन आहे की नाही, कुठे यायचं, कोणाला फोन करायचा. हे रील बघणारा पोरगा बहुतेकदा चाकणमध्ये नसतो. तो बीड, परभणी, नांदेड, यवतमाळकडे बसलेला असतो आणि या ओळींच्या जोरावर एसटीचं तिकीट काढतो. म्हणून इथे अक्षर झाकलं गेलं तर ते फक्त दिसायला वाईट आहे असं म्हणून सुटता येत नाही.

आता झाकलं कसं जातं ते बघू. उभा व्हिडिओ १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० पिक्सेल उंच असतो. आपण तो संगणकावर किंवा फोनच्या गॅलरीत बघतो तेव्हा त्याच्यावर काहीच नसतं. तोच व्हिडिओ इन्स्टाग्रामवर गेला की खालच्या डाव्या बाजूला खात्याचं नाव, फॉलोचं बटण, वर्णनाच्या ओळी आणि गाण्याचं नाव येतं. उजव्या कडेला खालच्या अर्ध्या भागात लाइक, कमेंट, शेअर यांची उभी रांग लागते. वरच्या कडेला ॲपची स्वतःची पट्टी आणि फोनची घड्याळ-बॅटरीची ओळ असते. यूट्यूब शॉर्ट्सवर तपशील वेगळे आहेत, पण जागा जवळपास त्याच : उजवीकडे बटणांची रांग, खाली चॅनेलचं नाव, शीर्षक आणि सबस्क्राइब. ॲप ही सगळी चित्रं आपल्या व्हिडिओच्या बाजूला ठेवत नाही, त्याच्या अंगावर ठेवतं. सगळा घोळ इथेच आहे.

इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीनेच रीलमधल्या जाहिरातींसाठी मोकळी सोडायची जागा सांगितलेली आहे : वरून सुमारे १४ टक्के, खालून ३५ टक्के, आणि दोन्ही बाजूंनी ६-६ टक्के. याचे पिक्सेल काढले तर वरचे साधारण २७०, खालचे ६७२ आणि प्रत्येक बाजूचे ६५ वगळावे लागतात. उरतो तो ९५० रुंद आणि ९८० उंच असा तुकडा. म्हणजे आपण ज्याला उभा व्हिडिओ म्हणतो, त्यातली लिहिण्यायोग्य जागा जवळपास चौकोनी आहे आणि ती एकूण पडद्याच्या निम्मीसुद्धा नाही, ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. आमचे रील कापणारे ओळी नेमक्या उरलेल्या ५५ टक्क्यांत टाकतात, कारण सबटायटल खाली असतात हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे.

ही सवय टीव्हीची आहे, आणि तिचा पहिला बचावही टीव्हीच्याच नावाने केला जातो. संकलकाला छेडलं की तो म्हणतो, ‘‘साहेब, मी प्रीमियरमध्ये सेफ मार्जिन चालू करूनच बघतो. नंबर चौकटीच्या आत आहे.’’ तो खोटं बोलत नाही. पण ती चौकट कोणत्या काळची आहे ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. काचेच्या नळीचे जुने टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्याथोड्या खात असत, कोणता संच किती खाईल याचा नेम नसे. म्हणून अक्षरं मधल्या ८० टक्क्यांत आणि महत्त्वाची हालचाल ९० टक्क्यांत ठेवायची, असा रिवाज पडला. सपाट टीव्ही आल्यावर २००९ मध्ये अमेरिकेतल्या एसएमपीटीई या संस्थेने तो सैल करून अक्षरांसाठी ९० आणि हालचालीसाठी ९३ टक्के केला. प्रीमियरची नेहमीची चौकट अजून जुन्या ८०-९० च्या हिशोबातली आहे.

ती चौकट १९२० च्या उंचीवर लावली तर खालून फक्त १९२ पिक्सेल सोडायला सांगते. म्हणजे १७०० व्या पिक्सेलवर लिहिलेला फोन नंबर तिच्या मते सुरक्षित आहे. मेटाच्या हिशोबाने सुरक्षित जागा १२४८ ला संपते. साडेचारशे पिक्सेलची तफावत आहे, आणि त्या साडेचारशे पिक्सेलमध्ये खात्याचं नाव, वर्णन आणि गाणं असं सगळं बसलेलं असतं. टीव्ही चारही बाजूंनी सारखं खात असे, फोनचं ॲप खालून आणि उजवीकडून जास्त खातं. सारख्या कडांची चौकट इथे लावणं म्हणजे चुकीच्या मापाची फूटपट्टी काळजीपूर्वक वापरणं.

दुसरा बचाव वर्णनाचा. नंबर वर्णनातही दिलाय, मग व्हिडिओवर झाकला गेला तर काय बिघडलं? हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. वर्णनाची एखाददुसरी ओळच सुरुवातीला दिसते, बाकीचं ‘अधिक’च्या मागे असतं. बघणाऱ्याने ते उघडलं की वर्णन वर पसरतं आणि व्हिडिओचा आणखी मोठा भाग झाकतं. म्हणजे नंबर शोधायला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून पगाराची ओळ जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही रीलं मूळ ठिकाणी फार काळ राहत नाहीत. कोणीतरी ती उतरवून घेतो आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, दुसरा ती स्टेटसला ठेवतो. वर्णन तिथे येत नाही, येतो तो फक्त व्हिडिओ. स्टेटसला ठेवणाऱ्याने स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या की त्या पुन्हा व्हिडिओच्या खालच्या भागावरच बसतात. इन्स्टाग्रामच्या बटणांतून वाचलेला नंबर व्हॉट्सॲपवर एखाद्या काकांच्या ‘गरजूंनी संपर्क साधा’खाली जातो.

एक नमुना मापून बघू, कारण ‘थोडंसं झाकलं जातं’ या थोड्याशाची किंमत त्याशिवाय कळत नाही. दहा आकडी नंबर ठळक दिसावा म्हणून १५० पिक्सेल उंचीच्या अक्षरात, आडवा मध्यभागी, १३५० व्या पिक्सेलच्या आसपास टाकला. या मापात एक आकडा सुमारे ९० पिक्सेल रुंद येतो, म्हणजे दहा आकडे ९०० पिक्सेल. दोन्ही बाजूंना ९० ची मोकळी जागा राहते. संगणकावर हे अगदी नीटनेटकं दिसतं. पण शेवटचा आकडा ९०० ते ९९० च्या दरम्यान आहे, आणि उजवीकडची बटणांची रांग पडद्याचा साधारण आठवा-नववा हिस्सा खाते, म्हणजे ती ९५० च्या अलीकडे-पलीकडे सुरू होते. शेवटचा आकडा कमेंटच्या चिन्हाखाली अर्धा जातो. आता तो ३ आहे की ८, हे ओळखायचं कसं? दहापैकी नऊ आकडे वाचता येणारा नंबर नव्वद टक्के उपयोगाचा नसतो, तो निरुपयोगी असतो. किंवा त्याहून वाईट, कारण त्या पोराने अंदाजाने लावलेला फोन भलत्याच माणसाकडे जातो.

पत्त्याचंही तेच. चाकण एमआयडीसीचे वेगवेगळे टप्पे आहेत आणि ते सगळे एका जागी नाहीत. ‘चाकण एमआयडीसी, फेज’ एवढं वाचून तळेगाव चौकात उतरलेल्या माणसाला पुढे कुठे जायचं ते कळत नाही. फेजचा आकडा ओळीच्या शेवटी असतो, आणि ओळीचा शेवट उजवीकडे असतो.

ओळीच्या शेवटावरून मला आणखी एक गोष्ट मांडायची आहे, जी परदेशी मार्गदर्शकांत सापडणार नाही. मराठी वाक्यात नकार शेवटी येतो. भरतीच्या प्रामाणिक रीलमध्ये एक ओळ हमखास असते : ‘नोकरीसाठी कोणालाही पैसे द्यावे लागणार नाहीत.’ ही ओळ मोठ्या अक्षरात दोन-तीन तुकड्यांत मोडली जाते आणि ‘नाहीत’ हा शब्द शेवटच्या ओळीच्या उजव्या टोकाला किंवा एकटाच खाली येतो. तो बटणांखाली गेला की वाक्य उरतं : नोकरीसाठी कोणालाही पैसे द्यावे लागणार. नोकरी लावून देतो म्हणून नोंदणीचे पैसे उकळणारे लोक या पट्ट्यात आधीच आहेत. ज्याने त्यांच्यापासून सावध करायला ही ओळ लिहिली, त्याच्याच रीलमधून उलटा निरोप गेला. ‘अनुभवाची अट नाही’, ‘रात्रपाळी नाही’, ‘ठेकेदारामार्फत भरती नाही’, या सगळ्या ओळींना हाच धोका आहे. इंग्रजीत नकार आधीच येऊन जातो, शेवटचा शब्द झाकला गेला तरी माणूस उलटा अर्थ घेत नाही. आपल्याला मार्जिन त्यांच्यापेक्षा जास्त कडकपणे पाळावं लागतं ते यामुळे. वाक्य फिरवता आलं तर तेही करावं : ‘एक रुपयाही देऊ नका’ यातला नकारही शेवटी आहे, पण ‘भरती मोफत’ हे दोन शब्द एका ओळीत मावतात आणि त्यांना शेपूट नाही.

देवनागरीचा दुसरा त्रास उंचीचा. रफार, अनुस्वार, वेलांटी वर जातात, उकार आणि जोडाक्षरं खाली उतरतात. इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने आखलेल्या तयार साच्यात दोन ओळी जवळजवळ बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. मग संकलक ओळींमधलं अंतर वाढवतो, मजकुराचा ठोकळा उंच होतो आणि शेवटची ओळ हद्दीच्या खाली घसरते. १२४८ ची हद्द पाळायची तर ती अक्षराच्या पायापासून न मोजता उकाराच्या टोकापासून मोजायला हवी. साठ-पासष्ट पिक्सेलच्या अक्षरात ९५० रुंदीत वीस-बावीस अक्षरं बसतात. ‘महानगरपालिकेच्या हद्दीतील’ एवढ्यातच अर्ध्याहून जास्त ओळ संपते. त्यामुळे मजकूर कमी करण्याशिवाय गत्यंतर नाही, आणि खरं सांगायचं तर मार्जिनला होणाऱ्या विरोधाचं मूळ मला इथेच दिसतं. कारखानदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला पंधरा ओळींचा मजकूर जसाच्या तसा पडद्यावर चिकटवणं सोपं, त्यातल्या चार ओळी निवडणं कठीण.

तिसरा आक्षेप असा की ॲप दर दोन महिन्यांनी बदलतं, आज आखलेली चौकट उद्या चुकीची ठरेल, मग आखायची कशाला. ॲप बदलतं हे खरं आहे. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचं रील आलं, आणि टिकटॉकसाठी बनवलेले साचे लोकांनी तसेच इकडे आणले. पण बदल झाल्यावर नुकसान कोणाचं होतं ते बघा. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरच्या चौरस चौकटी काढून ३ : ४ च्या उभ्या चौकटी आणल्या. १०८० बाय १०८० च्या जुन्या चौरस चित्रातला मधला ८१० पिक्सेल रुंदीचा भाग तेवढा दिसू लागला, दोन्ही बाजूंचे १३५-१३५ पिक्सेल कापले गेले. ज्यांनी कंपनीचं नाव या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणून लिहिलं होतं, त्यांच्या नावाची पहिली आणि शेवटची अक्षरं गेली. ज्यांनी कडेला मोकळी जागा सोडली होती, त्यांना काहीच करावं लागलं नाही. त्यांनी त्या बदलाचा अंदाज बांधलेला नव्हता, त्यांनी फक्त कडा सोडल्या होत्या. बदलाचा मुद्दा मार्जिनच्या विरोधात जात नाही, तो मार्जिन थोडं जास्तच ठेवा असं सांगतो.

चौथा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो, निदान अर्धा. संकलक म्हणतो, ‘‘खालचा ३५ टक्के भाग सोडायला सांगता, मग ओळी माणसाच्या तोंडावर टाकू का? मशिनचा चालणारा भाग झाकू का?’’ रास्त आहे. तो चौकोनी तुकडा चेहरा, हात, मशीन आणि मजकूर या सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो. नुसत्या ओळी वर सरकवल्या तर ओळी वाचता येतील आणि सीएनसीचा चक दिसणार नाही. संकलनाच्या टेबलावर ही अडचण सुटत नाही, कारण तोवर उशीर झालेला असतो. ती चित्रीकरणातच सोडवावी लागते.

आणि त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात तीन बाय तीनची जाळी चालू करता येते. उभ्या व्हिडिओत तिची खालची आडवी रेघ १९२० च्या दोन तृतीयांशावर, म्हणजे १२८० वर पडते. मेटाची हद्द १२४८. फरक फक्त ३२ पिक्सेलचा. म्हणजे सुपरवायझरच्या हातातल्या फोनमध्ये हद्दीची रेघ जवळपास तयारच आहे. बोलणाऱ्याचं डोकं वरच्या रेघेच्या आसपास ठेवा, कॅमेरा दोन पावलं मागे न्या, म्हणजे खालच्या रेघेपर्यंत त्याची छाती आणि पोट येईल. त्या छातीवर, खालच्या रेघेच्या वर, दोन ओळी बसतात आणि चेहरा मोकळा राहतो. खालच्या रेघेखाली पाय, जमीन, मशीनचा बेड, काहीही येऊ द्या. तो भाग रिकामा नाही, तो ॲपला दिलेला आहे. रील कापणारे मागे जाऊन चित्रीकरण करायला कुरकुरतात, कारण जवळून घेतलेला चेहरा भारी दिसतो. भरतीच्या रीलमध्ये चेहरा भारी दिसून काय साधतं, हे मला अजून कळलेलं नाही.

‘माझ्या फोनवर तर सगळं दिसत होतं’ हे वाक्य नेहमी सगळ्यात शेवटी येतं. ते गॅलरीत बघितलेल्या व्हिडिओबद्दल असतं. तपासणी त्याच ॲपमध्ये करावी लागते जिथे रील जाणार आहे, आणि ती एकदाच केली तरी पुष्कळ दिवस पुरते. १०८० बाय १९२० चं एक पांढरं चित्र घ्या, त्यावर दर १२० पिक्सेलला उभ्या-आडव्या रेघा मारा. बरोबर नऊ स्तंभ आणि सोळा ओळी होतात, एकही तुकडा उरत नाही. प्रत्येक घरात आकडा लिहा. त्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ करून यूट्यूबवर खासगी म्हणून चढवा, इन्स्टाग्रामवर चाचणीसाठी काढलेल्या खासगी खात्यावर टाका, व्हॉट्सॲपवर फक्त एकाला दिसेल असं स्टेटस ठेवा. मग एक स्वस्त फोन आणि एक लांबुळका नवा फोन घेऊन तिन्हीकडे स्क्रीनशॉट काढा. लांबुळका फोन मुद्दाम सांगतो आहे. १०८० बाय २४०० च्या पडद्यावर एखाद्या ॲपने व्हिडिओ उंचीभर पसरवला, तर दोन्ही बाजूंचे मूळ मापातले १०८-१०८ पिक्सेल पडद्याबाहेर जातात. म्हणजे पहिला आणि नववा स्तंभ जवळपास पूर्ण. कोणती घरं झाकली गेली ते आकड्यांवरून लगेच वाचता येतं, पिक्सेल मोजावे लागत नाहीत. मेटाच्या हिशोबाने बघितलं तर चौथ्या ते दहाव्या ओळीतली, दुसऱ्या ते आठव्या स्तंभातली घरं पूर्ण मोकळी राहायला हवीत. नंबर, पत्ता आणि ‘नाही’वाल्या ओळी तिथे, बाकी शोभेचं कुठेही.

यावरही कोणी म्हणेल की मेटाचे आकडे जाहिरातींसाठी आहेत, आपलं साधं रील आहे, त्यावर इतकं काही येत नाही. आज येत नाही हे बरोबर. पण हेच साधं रील दोन दिवसांत शंभर लोकांनीही बघितलं नाही की कारखानदार काही शे रुपये भरून ते बूस्ट करतो. त्या क्षणी ते जाहिरात होतं आणि ‘संदेश पाठवा’ किंवा ‘अधिक जाणून घ्या’ अशी पट्टी वर्णनाच्या वर येऊन बसते. जो नंबर काल कसाबसा दिसत होता, तो पट्टीखाली जातो. आता ते रील परभणीपासून वर्ध्यापर्यंत दाखवलं जातं आहे, प्रत्येक वेळी दाखवण्याचे पैसे खात्यातून वळते होत आहेत, आणि संकलकाकडे परत गेलं तर तो म्हणतो की मूळ फाइल डिलीट झाली, नवीन कापायचं वेगळं बिल होईल.